पडताळणी झाली, लॉगिन मात्र बंद

सोलापुरात घरच्या घरी टॉवेल-चादरींचा छोटा व्यवसाय करणारी, माल एका ऑनलाइन बाजारपेठेवर विकणारी एक विक्रेती डोळ्यांसमोर आणा. प्रकरण नमुन्याचं आहे, पण त्यातलं काहीही दुर्मीळ नाही. दिवाळीच्या तोंडावर बाजारपेठेकडून सूचना येते, की जुन्या विक्रेत्यांनी ओळखीची पडताळणी नव्यानं करून घ्यावी. ती आधार, पॅन, जीएसटीचं नोंदणी प्रमाणपत्र आणि रद्द केलेला चेक अपलोड करते. मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर मान डावी-उजवीकडे वळवून चेहऱ्याची पडताळणीही करते. पडद्यावर हिरवी खूण उमटते, पडताळणी यशस्वी झाल्याचा मेलही येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पासवर्ड टाकते, ओटीपी येतो, तो टाकते आणि समोर वाक्य येतं: खातं बंद आहे, सेलर सपोर्टशी संपर्क साधा. त्या वाक्याखालच्या दुव्यावर बोट ठेवलं, की पुन्हा लॉगिनचंच पान उघडतं. सपोर्टचा अर्ज भरायलाही आधी लॉगिन करावं लागतं.

आता उरतो ईमेल. बहुतेक विक्रेते नेमके इथेच फसतात, कारण या क्षणी मनात राग असतो आणि मेलमध्येही तोच उतरतो. ‘मी इतकी वर्षं प्रामाणिकपणे धंदा करते, सगळी कागदपत्रं दिली, तरी माझ्यावर अन्याय का’ असा दोन पानी मेल जातो आणि त्याला तीच सगळी कागदपत्रं पुन्हा जोडलेली असतात. राग रास्त आहे. पण मेल उघडणारा माणूस न्यायाधीश नसतो. त्याच्यासमोर मेलची रांग असते आणि हा मेल कोणत्या विभागाकडे ढकलायचा, एवढंच त्याला पहिल्यांदा ठरवायचं असतं. कागदपत्रं जोडलेली दिसली, की तो मेल पडताळणी विभागाकडे जाण्याची शक्यता मोठी. तो विभाग आपली नोंद उघडून पाहतो, तिथे ‘पूर्ण’ लिहिलेलं असतं आणि उत्तर येतं, ‘आपली पडताळणी यशस्वी झाली आहे.’ प्रकरण त्यांच्या दप्तरी निकाली, इकडे विक्रेती अजून बाहेरच.

असं का होतं ते कळायला पडद्यामागची व्यवस्था थोडी समजून घ्यावी लागते. आपल्याला ‘खातं’ एकच दिसतं, पण त्याच्या मागे किमान तीन वेगळ्या नोंदी चालतात. पहिली लॉगिनची. पासवर्ड बरोबर आहे का, ओटीपी बरोबर आहे का, एवढंच ती पाहते. दुसरी ओळखीची. कागदावरचा माणूस आणि कॅमेऱ्यासमोरचा माणूस एकच आहे का, कागद खरा आहे का, हे ती ठरवते. हे काम पुष्कळदा बाहेरच्या एखाद्या कंपनीकडे सोपवलेलं असतं. तिसरी नोंद खात्याच्या स्थितीची. खातं चालू, थांबवलेलं की बंद, हे तिथे ठरतं, आणि तिथे बँक खातं, पत्ता, जुनी खाती, संशयास्पद व्यवहार असे सगळे धागे एकत्र येतात. हिरवी खूण फक्त दुसऱ्या नोंदीतली होती. दार अडवलं ते तिसरीनं.

कधी कधी कारण अगदीच यांत्रिक असतं. पडताळणी चालू असताना खात्यावर तात्पुरती रोख लागते आणि पडताळणी संपल्यावर ती उठवण्याचा निरोप एका प्रणालीकडून दुसरीकडे पोहोचतच नाही. पण पुष्कळदा रोख खरीखुरी असते, फक्त तिचं कारण ओळखीशी संबंधित नसतं. तेच पॅन किंवा तेच बँक खातं पूर्वी बंद झालेल्या दुसऱ्या विक्रेता खात्यावर होतं, अशी कारणं असतात. घरातल्या भावानं कधीतरी त्याच लॅपटॉपवरून खातं उघडून अर्धवट सोडलेलं असतं आणि बाजारपेठेची प्रणाली ती दोन्ही खाती एकाच माणसाची समजते.

आणि आपल्याकडचं हमखास कारण म्हणजे नाव. मराठी नावात मधलं नाव वडलांचं किंवा नवऱ्याचं, त्यामुळे लग्नानंतर बायकांचं आडनाव बदललं की मधलं नावही बदलतं. शिवाय बँकांच्या पासबुकांत कित्येकदा आडनाव आधी येतं. आपल्या विक्रेतीचं पॅन लग्नाआधीच्या नावाचं आहे. जीएसटी नोंदणीतलं कायदेशीर नाव पॅनवरून येतं, म्हणून तिथेही माहेरचंच नाव. आधार मात्र तिनं नंतर बदलून घेतलं आणि बँक खातं सासरच्या नावानं उघडलं. कॅमेऱ्यासमोरचा चेहरा आधारवरच्या फोटोशी जुळला, म्हणून ओळख पटली. मग बाजारपेठेनं बँक खातं तपासायला त्यात एक रुपया पाठवला. त्या व्यवहाराबरोबर बँकेतलं नाव परत आलं, ते पॅनच्या नावाशी जुळेना, आणि खातं थांबवलं गेलं. चेहरा तिचाच, बँक तिचीच, कागद सगळे खरे. फक्त दोन नावं एकाच बाईची आहेत हे सांगणारा कागद कुणी मागितला नाही आणि तिनं दिला नाही.

तिला हे अर्थातच ठाऊक नाही. तिला पडद्यावरचं एक वाक्य तेवढं दिसतंय. म्हणून मेल लिहिण्याआधी पाच-दहा मिनिटं तपासणीत घालवावीत. नेमकं कुठल्या पायरीवर अडतंय ते पाहावं. पासवर्डच नाकारला जात असेल तर भानगड वेगळी. पासवर्ड आणि ओटीपी दोन्ही घेऊन मग अडत असेल, तर लॉगिनचं काम नीट झालं आहे आणि रोख खात्याच्या स्थितीत आहे, हे जवळपास नक्की. मग ब्राउझरच्या खासगी खिडकीत, मोबाइलवरच्या अॅपमध्ये, घरचं वाय-फाय सोडून मोबाइलच्या डेटावर, असं करून पाहावं. सगळीकडे तेच वाक्य आलं तर दोष आपल्या यंत्रात नाही. हे करण्यामागे एक व्यवहारी हिशेबही आहे. सपोर्टकडून येणारं पहिलं उत्तर हमखास ‘कॅशे आणि कुकीज साफ करून पुन्हा प्रयत्न करा’ असं असतं. ते आधीच केलं आहे हे मेलमध्ये असलं, की एक फेरी वाचते. एक पथ्य मात्र पाळायचं: ओटीपी मागून मागून चुकीचे टाकायचे नाहीत. तसं केलं तर त्याचंच वेगळं कुलूप लागतं आणि मूळ कुलूप कोणतं हे कुणालाच कळेनासं होतं.

मेल नोंदणीकृत पत्त्यावरूनच जायला हवा. दुकानातल्या मुलाच्या किंवा सीएच्या मेलवरून गेला तर ‘गोपनीयतेमुळे माहिती देता येत नाही’ एवढंच उत्तर येतं, आणि ते योग्यच आहे. अशा बाजारपेठांचा सपोर्ट बहुधा इंग्रजीत चालतो, म्हणून मेल साध्या इंग्रजीत लिहिलेला बरा. विषयाची ओळ अशी असावी:

```
Seller login blocked after identity verification | Seller ID: ______
```

आधी एखादा केस क्रमांक मिळाला असेल तर तोही याच ओळीत. मजकूर मराठीत सांगायचा तर साधारण असा:

‘माझ्या विक्रेता खात्याची ओळख पडताळणी 14 ऑक्टोबरला पूर्ण झाली, तुमचा तसा मेल सोबत जोडला आहे. 15 ऑक्टोबरला सकाळी 9.40 पासून मला लॉगिन करता येत नाही. पासवर्ड स्वीकारला जातो, नोंदणीकृत मोबाइलवर ओटीपी येतो, पण तो टाकल्यावर खातं बंद असल्याचा संदेश दिसतो. त्याचा स्क्रीनशॉट जोडला आहे. संगणक आणि मोबाइल, दोन ब्राउझर आणि दोन वेगळ्या इंटरनेट जोडण्यांवर हेच घडतं.

पडताळणी पूर्ण असूनही खात्याची स्थिती बंद का आहे, ते कृपया तपासावं. खातं जाणूनबुजून थांबवलं असेल तर कारण आणि हवं असलेलं नेमकं कागदपत्र कळवावं. तसं नसेल तर प्रकरण खात्याचा प्रवेश पाहणाऱ्या विभागाकडे पाठवावं.

माझ्याकडे 6 ऑर्डर पाठवायच्या राहिल्या आहेत. पहिलीची मुदत 16 ऑक्टोबर आहे. लॉगिनशिवाय लेबल छापता येत नाही. या ऑर्डरचं काय करायचं ते कळवावं आणि तोवर नव्या ऑर्डर थांबवाव्यात.’

खाली नाव, विक्रेता क्रमांक आणि नोंदणीकृत मोबाइलचे शेवटचे चार आकडे. बस्स.

या मेलचा सगळा जीव मधल्या परिच्छेदात आहे. ‘थांबवलं असेल तर कारण सांगा, नसेल तर योग्य विभागाकडे पाठवा’ हे दोन पर्याय वाचणाऱ्याला नोंद उघडून बघायला लावतात. नुसतं ‘खातं सुरू करा’ लिहिलं तर त्याला ठोकळेबाज उत्तर देऊन मोकळं होता येतं. मुद्दाम ‘पडताळणी पूर्ण असूनही’ असं लिहिलं आहे, म्हणजे मेल पुन्हा पडताळणीच्या रांगेत जाऊ नये. ऑर्डरचा परिच्छेद काहींना मदतीची याचना वाटेल, पण तो नोंदीसाठी आहे. मुदतीत माल न गेल्याचा ठपका विक्रेत्याच्या कामगिरीवर बसतो, आणि पुढे तो पुसून घ्यायचा झाला तर आपण मुदतीच्या आधी कळवलं होतं, हे दाखवणारा तारखेचा कागद हाताशी लागतो.

जोडायचं ते दोनच: पडताळणीचा मेल आणि स्क्रीनशॉट. स्क्रीनशॉट कापून, वर बाण काढून, गोल करून पाठवायचा मोह होतो; तो आवरावा. पत्त्याची पट्टी, तारीख-वेळ आणि संदेशाखाली एखादा संदर्भ क्रमांक असेल तर तो, हे सगळं दिसणारा अख्खा पडदा हवा. त्या संदर्भ क्रमांकावरून तांत्रिक विभागाला आपला नेमका प्रयत्न त्यांच्या नोंदीत सापडू शकतो.

कागदपत्रं मागितली की मग द्यायची, आणि मागितली तेवढीच. इथे एक गंमत वारंवार घडते. यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून उतरवलेल्या ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो: नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं मोठ्या लिपीत आणि पुढे जन्मवर्ष. आपल्या फोनवर ती फाइल आधी उघडलेली असते, म्हणून तिला कुलूप आहे हे आपल्या लक्षातही राहत नाही. समोरच्याला ती उघडत नाही आणि उत्तर येतं, ‘कागदपत्र वाचता येत नाही.’ विक्रेती तीच फाइल पुन्हा पाठवते, पुन्हा तेच उत्तर. फाइल पासवर्ड टाकून उघडायची, प्रिंटच्या पर्यायातून नवी पीडीएफ करून ठेवायची आणि ती पाठवायची, की हा घोळ मिटतो. दुसरा घोळ व्हॉट्सअॅपचा. मुलानं कार्डाचा फोटो काढून आईला व्हॉट्सअॅपवर पाठवला, तिनं तोच मेलला जोडला. वाटेत फोटो इतका दाबला गेला, की बारीक अक्षरं फुटली. फोटो दिवसाच्या उजेडात, फ्लॅशशिवाय, कार्डाचे चारही कोपरे दिसतील असा काढावा आणि ज्या फोननं काढला त्यातूनच थेट मेलला जोडावा.

उत्तर आल्यावर त्याच मेलच्या साखळीत उत्तर द्यायचं. रोज नवा मेल टाकला की रोज नवा केस क्रमांक तयार होतो, प्रत्येक केस वेगळ्या माणसाकडे जाते आणि दुसरा माणूस पहिल्याच्या केसकडे बोट दाखवून आपली बंद करतो. आपल्या विक्रेतीला पहिलं उत्तर अपेक्षेप्रमाणे ‘पडताळणी यशस्वी झाली आहे’ असंच आलं. तिनं वाद घातला नाही, त्याच साखळीत दोन ओळी लिहिल्या: पडताळणी झाल्याचं मला मान्य आहे, माझा प्रश्न खात्याच्या स्थितीबद्दल आहे, कृपया बँक खातं, पत्ता किंवा जोडलेलं दुसरं खातं यांपैकी कशामुळे रोख आहे का ते सांगा. अशा तीन ठोस शक्यता पुढ्यात ठेवल्या, की समोरच्याला हो-नाहीत उत्तर देता येतं. उत्तर आलं: बँक खात्यावरचं नाव कर नोंदणीतल्या नावाशी जुळत नाही.

पुढचं सोपं. विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र, ज्यात दोन्ही नावं आहेत, आणि बँकेच्या शिक्क्याचं खातेधारकाचं पत्र, एवढं तिनं पाठवलं. पॅनवरचं नाव बदलून घ्यायचा अर्जही केला, कारण विवाहाच्या दाखल्यावर बाजारपेठेचं समाधान झालं तरी पुढच्या पडताळणीत हाच दगड पुन्हा पायात येणार. मात्र पॅनवरचं नाव बदललं, की जीएसटी नोंदणीतलं नावही बदलून घ्यावं लागतं, नाहीतर नवी गफलत. आणि या सगळ्या काळात नवं विक्रेता खातं उघडायचं नाही. ‘हे बंद आहे तोवर दुसरं चालवू’ असा सल्ला धंद्यातले लोक सर्रास देतात. पॅन तेच, जीएसटी क्रमांक तोच (त्यातली तिसऱ्यापासून बारावीपर्यंतची अक्षरं म्हणजे पॅनच असतं), त्यामुळे दुसरं खातं लगेच पहिल्याशी जोडलं जातं आणि तात्पुरत्या रोखीचं कायमच्या बंदीत रूपांतर व्हायला निमित्त मिळतं.

उत्तरच आलं नाही तर? भारतात ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 लागू आहेत. त्यांनुसार प्रत्येक बाजारपेठेनं तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचं नाव आणि संपर्क आपल्या संकेतस्थळावर द्यावा लागतो, तक्रारीची पोच 48 तासांत द्यावी लागते आणि निवारण महिनाभरात. पण ही मुदत ग्राहकाच्या तक्रारीसाठी आहे. विक्रेता ग्राहक नव्हे, तो करारातला दुसरा पक्ष. 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत मध्यस्थ कंपन्यांच्या तक्रार अधिकाऱ्यानं 24 तासांत पोच आणि ठरावीक मुदतीत निकाल द्यावा, असं आहे, आणि तिथे ‘वापरकर्ता’ हा शब्द बराच मोकळा आहे. विक्रेताही त्यात बसतो असं मला वाटतं. प्रत्येक बाजारपेठ ते मान्य करेल याची खात्री नाही. तरीही त्या अधिकाऱ्याच्या पत्त्यावर जुन्या साखळीसह एक मेल पाठवण्यात शहाणपण आहे, कारण तो पत्ता कायद्यानं जाहीर केलेला असतो आणि तिथे आलेल्या मेलचा हिशेब कुणाला तरी ठेवावा लागतो. युरोपीय संघानं या बाबतीत विक्रेत्यांचं काम सोपं केलं आहे. तिथल्या 2019 च्या नियमानुसार, जो 12 जुलै 2020 पासून लागू झाला, व्यावसायिक विक्रेत्याचं खातं थांबवताना कारणांचं लेखी निवेदन द्यावं लागतं आणि अंतर्गत तक्रारीची सोय ठेवावी लागते. आपल्याकडे विक्रेत्याला कारण मागून घ्यावं लागतं, म्हणून मेलमधला तो मधला परिच्छेद महत्त्वाचा.

खातं बंद पडलं की आणखी एक जमात जागी होते. ‘खातं चालू करून देतो’ म्हणणारे दलाल, आणि शोध घेतल्यावर सापडणारे बनावट ग्राहक सेवा क्रमांक. ते फोनवर दुसऱ्याच्या ताब्यात पडदा देणारं अॅप टाकायला सांगतात किंवा ‘पडताळणीसाठी’ ओटीपी मागतात. खरा सपोर्ट पासवर्ड आणि ओटीपी मागत नाही. शिवाय ‘तुमचं खातं बंद झालं आहे, इथे दाबून पडताळणी करा’ अशा बनावट मेलांचा मजकूर खऱ्या मेलासारखाच असतो. पाठवणाऱ्याच्या नावावर जाऊ नये, पत्त्यातला @ नंतरचा भाग पाहावा, आणि मेलमधल्या दुव्यावरून न जाता संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करून आत शिरावं. पैसे गेलेच तर 1930 या क्रमांकावर लगेच कळवावं. उशीर झाला की पैसे पुढे सरकलेले असतात.

शेवटी एक गोष्ट, जी खातं बंद असताना हमखास विसरली जाते. लॉगिन नाही म्हणजे विक्रीचा अहवाल उतरवता येत नाही, पण जीएसटीची तारीख थांबत नाही. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्याला जीएसटीआर-1 पुढच्या महिन्याच्या 11 तारखेपर्यंत द्यावं लागतं. बाजारपेठ तुमच्या विक्रीवर जो टीसीएस कापते, तो ती आपल्या जीएसटीआर-8 मधून सरकारला कळवते आणि ते आकडे जीएसटी पोर्टलवर तुमच्या खात्यातही दिसतात. परतावे वजा जाता महिन्याची एकूण विक्री किती, ते तिथून कळतं. बिलांचा तपशील मात्र तिथे नसतो. तो मेलच्या साखळीत लेखी मागून घ्यावा. लॉगिन उघडल्या दिवशी सगळ्यात आधी तीन गोष्टी पाहाव्यात: अडकलेली रक्कम कोणत्या तारखेला जमा होणार आहे, थांबवलेल्या वस्तूंच्या नोंदी पुन्हा सुरू झाल्या आहेत का, आणि त्या 6 ऑर्डरपैकी किती ‘विक्रेत्यानं रद्द केल्या’ या खात्यात पडल्या आहेत. शेवटच्या रकान्यात एखादी दिसली, तर त्याच साखळीत, पहिल्या मेलची तारीख दाखवून, ती काढून टाकायला सांगावं.